सही कुठे, कधीपर्यंत आणि पुढे काय

मी एका संस्थेत करारांचं काम पाहते. मसुदा वकील करतात, दर खरेदी विभाग ठरवतो. माझ्याकडे येतो तो शेवटचा टप्पा: ठरलेला कागद योग्य माणसापर्यंत पोचवायचा, त्याची सही योग्य जागी घ्यायची आणि पूर्ण झालेली प्रत सगळ्यांच्या हातात द्यायची. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण दोन महिने घासाघीस करून ठरलेला करार सहीसाठी तीन आठवडे कुणाच्या तरी मेलबॉक्समध्ये पडून राहिलेला मी पुष्कळदा पाहिला आहे. तो बहुतेक वेळा एकाच प्रकारच्या मेलसोबत गेलेला असतो: ‘सोबत करार जोडला आहे. कृपया सही करून लवकरात लवकर परत पाठवावा.’ या मेलमध्ये सही करणाऱ्याला हव्या असलेल्या एकाही गोष्टीचं उत्तर नसतं.

गेल्या जूनमध्ये यंत्राच्या देखभालीचा करार नूतनीकरणाला आला होता. तो सहीसाठी कसा पाठवला ते इथे तपशिलात लिहिते, कारण अशा कामात जे जे आडवं येतं त्यातलं बरंचसं त्या एका करारात आलं. जुना करार ३० जूनला संपत होता, नवा १ जुलैपासून लागू व्हायचा होता. सह्या तिघांच्या: पुरवठादाराचे अधिकारी, आमच्या वित्तप्रमुख आणि शेवटी आमच्या संचालिका. मजकूर १० जूनला दोन्ही बाजूंनी मान्य केला.

मेल लिहायच्या आधी मी फाइल घेऊन बसले. वर्डची फाइल सहीसाठी कधीच पाठवायची नाही, पीडीएफ करायची, हा माझा पहिला नियम आहे. दुसरं, मजकुरातल्या सगळ्या रिकाम्या जागा भरलेल्या हव्यात. करारात एखादी रक्कम किंवा तारीख कोरी राहिली, तर सही करणारा एक तर थांबतो किंवा स्वतःच्या हाताने काहीतरी लिहितो, आणि दोन्हींत वेळ जातो. तिसरं, सहीच्या रेषेखाली नाव आणि हुद्दा टाइप केलेला हवा. नुसतं ‘अधिकृत स्वाक्षरी’ लिहिलेलं असलं की त्या कार्यालयात कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. म्हणून मी आधीच फोन करून विचारलं होतं, ‘तुमच्याकडून सही कोण करणार, आणि त्यांना तसा अधिकार दिल्याचं पत्र आहे ना?’

मग पानांचे आकडे. हे मी दर वेळी स्वतः फाइल उघडून तपासते. या करारात मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका अशी दोन पानं क्रमांकाशिवाय होती. त्यामुळे जे छापील पान ९, ते स्क्रीनवर ११ वं दिसत होतं. ‘पान ९ वर सही करा’ एवढंच लिहिलं असतं, तर मोबाइलवर फाइल उघडणारा माणूस नवव्या पानावर गेला असता आणि तिथे त्याला गोपनीयतेचं कलम दिसलं असतं. दोन्ही आकडे द्यायला मेलमध्ये चार शब्द जास्त लागतात, तेवढे खर्च करावेत.

१२ जूनला, गुरुवारी, पुरवठादाराच्या अधिकाऱ्यांना हा मेल गेला:

विषय: सहीसाठी: यंत्र देखभाल करार, गुरुवार १९ जून, सायंकाळी ५ पर्यंत

नमस्कार साहेब,

यंत्र देखभालीचा नवा करार आपल्या सहीसाठी पाठवत आहे. १० जूनला दोन्ही बाजूंनी मान्य केलेलाच हा मजकूर आहे, त्यानंतर त्यात काहीही बदललेलं नाही. फाइलचं नाव `DekhbhalKarar_v7.pdf`. सहीची लिंक वेगळ्या मेलने पाच मिनिटांत येईल.

सही कुठे: दोन ठिकाणी. छापील पान ९ वर (स्क्रीनवर ११) ‘पुरवठादारातर्फे’ या शब्दांखाली, आपलं नाव टाइप केलं आहे तिथे. आणि छापील पान १२ वर (स्क्रीनवर १४) दरपत्रकाच्या तळाशी उजवीकडे. बाकी कुठेही सही किंवा शॉर्ट सही नको. तारीख आपोआप पडेल.

कधीपर्यंत: गुरुवार १९ जून, सायंकाळी ५. जुना करार ३० जूनला संपतो आणि आपल्यानंतर आमच्याकडच्या दोन सह्या व्हायच्या आहेत, म्हणून ही तारीख.

पुढे काय: आपली सही झाली की लिंक आमच्या वित्तप्रमुखांकडे जाईल, त्यांची मुदत सोमवार २३ जून. मग संचालिकांकडे, त्यांची बुधवार २५ जून. तिन्ही सह्यांची पूर्ण प्रत शुक्रवार २७ जूनपर्यंत आपल्याला मेलने मिळेल. तिन्ही सह्या होईपर्यंत करार पूर्ण झालेला नाही. सेवा १ जुलैपासून सुरू होईल.

मजकुराबद्दल काही शंका असेल तर सही न करता मला फोन करावा. १९ तारीख जमणार नसेल किंवा सही दुसरं कुणी करणार असेल, तर १७ तारखेपर्यंत कळवावं.

यात ‘लवकरात लवकर’ कुठेही नाही. मुदतीला तारीख, वार आणि वेळ तिन्ही दिले आहेत. वार लिहिला की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्याचा आठवडा येतो, आणि तारखेत चूक झाली असेल तर वार जुळत नसल्यामुळे ती लगेच पकडली जाते. शिवाय मुदतीचं कारण दिलं आहे. कारण नसलेली मुदत लोकांना पाठवणाऱ्याची सोय वाटते, आणि ती पुढे ढकलायला त्यांना संकोच वाटत नाही. आपल्या सहीनंतर दोन माणसं रांगेत आहेत आणि ३० तारखेला जुना करार संपतो हे वाचल्यावर तोच माणूस मुदत वेगळ्या नजरेने पाहतो.

तरी माझ्या मते या मेलचा सगळ्यात कामाचा भाग ‘पुढे काय’ हा आहे, आणि लोक नेमका तोच गाळतात. सही करताना माणूस अडखळतो तो पेन कुठे टेकवायचं याच्यापेक्षा, टेकवल्यावर काय होणार या विचाराने. आपण आधी सही केली आणि समोरच्याने केलीच नाही तर आपण अडकलो का? पैसे लगेच वळते होणार का? आपल्याला प्रत मिळणार का? हे प्रश्न तो विचारत नाही, कागद बाजूला ठेवतो. ‘तिन्ही सह्या होईपर्यंत करार पूर्ण झालेला नाही’ या एका वाक्याने पहिला प्रश्न सुटतो. पण हे वाक्य करारातही तसंच लिहिलेलं असेल तरच मेलमध्ये घालावं. आमच्या करारात शेवटच्या सहीबरोबर करार पूर्ण होईल असं कलम होतं, ते वाचूनच मी ते लिहिलं. मेल लिहिणाऱ्याने करारापेक्षा वेगळं आश्वासन देऊन ठेवलं, तर उद्या वाद झाल्यावर तोच मेल पुढे येतो.

शुक्रवारी सकाळी त्यांच्या कार्यालयातून फोन आला. अधिकाऱ्यांच्या सहायक बोलत होत्या.

‘मॅडम, साहेब सोमवारपासून दोन आठवडे रजेवर आहेत. त्यांच्या जागी मी सही केली तर चालेल का?’

‘तुमच्याकडे त्यासाठी अधिकारपत्र आहे का?’

‘नाही. पण आमच्या सेवाप्रमुखांकडे आहे.’

‘मग करार त्यांच्या नावाने करून पाठवते. पत्राची प्रत तेवढी आज मेल करा. आणि आता आलेली लिंक कुणीही उघडू नका, मी ती रद्द करते आहे.’

हा फोन आला तो मेलमधल्या शेवटच्या ओळीमुळे. ती ओळ नसती तर १९ तारखेला पाच वाजता मी आठवणीचा मेल केला असता आणि उत्तरादाखल रजेचा आपोआप येणारा संदेश आला असता. मुदतीच्या आधीची एक तारीख, अडचण कळवण्यासाठी, हा माझा आवडता भाग आहे. तिच्यामुळे ‘नाही’ हे उत्तर वेळेत मिळतं.

नाव बदललं म्हणजे फाइल बदलली. सहीखालचं टाइप केलेलं नाव आणि हुद्दा बदलून मी `DekhbhalKarar_v8.pdf` तयार केली, जुनी लिंक रद्द केली आणि सोमवारी नवा मेल पाठवला. त्यात पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की v7 बाद आहे, फरक फक्त पान ९ आणि पान १२ वरच्या नावाचा आहे, बाकी मजकूर तोच. सेवाप्रमुखांसाठी मुदत तीच ठेवली, १९ जून, सायंकाळी ५. वित्तप्रमुखांना आणि संचालिकांनाही हे कळवलं, कारण v7 त्यांच्याकडे आगाऊ वाचायला गेली होती.

आवृत्तीबद्दल मी इतकी काटेकोर का आहे, हे सांगायला हवं. बरेच जण फक्त सहीचं पान छापतात, सही करतात, मोबाइलने फोटो काढतात आणि तेवढंच पाठवतात. त्या एका पानावर ‘पुरवठादारातर्फे’ आणि एक सही यापलीकडे काही नसतं. ते कुठल्या मजकुराचं पान आहे, v7 चं की v8 चं, हे कागदावरून सांगता येत नाही. इंग्लंडमध्ये २००८ साली मर्क्युरी टॅक्स ग्रुपच्या प्रकरणात उच्च न्यायालयापुढे नेमका हा मुद्दा आला होता. तिथे आधीच्या, अपूर्ण मसुद्यावर घेतलेल्या सहीची पानं काढून अंतिम मजकुराला जोडली होती. न्यायाधीशांचं म्हणणं असं पडलं की सही करताना समोर जो दस्तऐवज असतो, त्याचाच ती सही भाग असायला हवी. त्यानंतर तिथल्या वकिलांच्या संघटनांनी दूरवरून सह्या घेण्याविषयी मार्गदर्शक टिपण काढलं. त्यात सुचवलेल्या पद्धतींपैकी एक मी कागदी सह्यांसाठी नेहमी वापरते: सही केलेलं पान परत पाठवताना त्याच मेलला अंतिम मजकुराची पूर्ण पीडीएफ जोडायला सांगायची. देशोदेशीचा कायदा वेगळा असेल, पण सही आणि मजकूर एकाच मेलमध्ये राहिले की कुठल्या मजकुराला सही दिली हा प्रश्न उरत नाही. म्हणूनच मी फाइलचं नाव आणि आवृत्ती प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात छापून घेते. फोटो आला तरी तळाची ती ओळ वाचता येते.

सेवाप्रमुखांची सही बुधवारी झाली. लिंकवर सहीच्या चौकटी आधीच ठेवलेल्या असतात, आणि त्या भरल्याशिवाय ‘पूर्ण’चं बटण चालू होत नाही. मग सही कुठे करायची हे मेलमध्ये परत कशाला लिहायचं, असं मला एका सहकाऱ्याने विचारलं होतं. त्याचं कारण हेच बटण. मोबाइलवर ‘पुढे’ दाबलं की माणूस थेट पहिल्या चौकटीवर उडी मारतो, परत दाबलं की दुसऱ्या. मधली पानं डोळ्यांखालून जातच नाहीत. दुसरी सही दरपत्रकावर आहे हे आधी वाचलेलं असलं, तर तो निदान दरपत्रक उघडून पाहतो. सही झाल्यावर ‘हे दर कुठून आले?’ असा फोन येण्यापेक्षा सहीआधी आलेला केव्हाही बरा.

यानंतर वित्तप्रमुखांची पाळी होती, आणि क्रमाने सह्या घेताना हमखास घोळ होतो तो इथे. क्रम लावलेला असला की दुसऱ्या माणसाला पहिल्याची सही होईपर्यंत काहीच येत नाही. त्याला वाटतं आपल्याला मेल आलाच नाही, पाठवणाऱ्याला वाटतं मेल गेला आहे आणि तो बसून आहे. म्हणून मी १२ तारखेलाच वित्तप्रमुखांना दोन ओळी लिहिल्या होत्या की पुरवठादाराची सही झाल्यावर तुम्हाला लिंक येईल, साधारण १९ च्या सुमारास. ती माझ्या पत्त्यावरून येणार नाही, सहीच्या प्रणालीच्या पत्त्यावरून येईल, आणि विषयात ‘यंत्र देखभाल करार’ हे शब्द असतील. तुमची सही फक्त पान ९ वर, ‘संस्थेतर्फे’ खाली पहिल्या रेषेवर.

हे आगाऊ सांगणं आता मला अनिवार्य वाटतं. अनोळखी पत्त्यावरून ‘आपल्या सहीची वाट पाहत आहे, इथे क्लिक करा’ असा मेल आला, तर सावध माणसाने तो उघडू नये हेच योग्य आहे. फसवणुकीचे मेल अगदी असेच दिसतात. आपण आधी सांगितलेलं असलं की माणूस ताडून पाहू शकतो. वित्तप्रमुखांचा मेल खरंच स्पॅममध्ये गेला होता. शुक्रवारी सकाळी त्यांनीच तो शोधून काढला, कारण तो येणार हे त्यांना माहीत होतं.

त्यांचा एक वेगळा प्रश्न होता. ‘मी याची प्रिंट काढून पेनने सही करून स्कॅन दिली तर?’ हा प्रश्न अनेकांकडून येतो, विशेषतः ज्यांना कागद हातात घेऊन वाचायची सवय आहे त्यांच्याकडून. वाचायला प्रिंट जरूर काढावी. सहीसाठी मात्र नाही. डिजिटल सही म्हणजे दिसणारं चित्र नसतं. ती फाइलच्या मजकुराशी बांधलेली असते, आणि सहीनंतर मजकुरात बदल झाला तर पडताळणीत तो दिसून येतो. अशा फाइलची प्रिंट काढून पुन्हा स्कॅन केली की आधीच्या माणसाची सही नुसतं चित्र होऊन राहते, तिची पडताळणी करता येत नाही. सेवाप्रमुखांना परत पहिल्यापासून सही करावी लागली असती. म्हणून तिघांच्याही मेलमध्ये ‘प्रिंट काढून सही करू नये’ ही ओळ मी कारणासकट घालायला लागले आहे.

कागदावरच सह्या घ्यायच्या असतील तेव्हा मेलमधली माहिती थोडी बदलते. किती प्रती, प्रत्येक प्रतीवर किती सह्या, कुठे पूर्ण सही आणि कुठे शॉर्ट सही, हे सगळं लिहावं लागतं. सहीच्या पानांवर मी रंगीत चिकटपट्ट्या लावते, प्रत्येक माणसाचा रंग वेगळा, आणि कव्हरिंग लेटरमध्ये त्याचा रंग लिहिते. मुदतही दोन प्रकारची होते: सही कधीपर्यंत आणि कागद आमच्याकडे कधीपर्यंत. ‘२० तारखेपर्यंत’ एवढंच लिहिलं तर समोरचा २० ला सही करतो आणि कुरिअर २१ ला देतो, त्याच्या दृष्टीने त्याने मुदत पाळलेली असते. साक्षीदार लागत असेल तर त्याने सही होताना समोर हजर असायला हवं आणि तो करारातला पक्षकार नसावा, हेही पत्रातच सांगावं. नाहीतर वित्तप्रमुखांची साक्ष म्हणून संचालिकांचीच सही होऊन येते, आणि प्रत नव्याने छापावी लागते. तारीख ज्याने त्याने ज्या दिवशी सही केली त्या दिवशीची लिहावी. कुणी मागची तारीख घालायला सांगितलं तर मी नाही म्हणते.

लिंकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मी जपते. लिंकला स्वतःची एक मुदत असते, त्यानंतर ती उघडत नाही. ती आपण दिलेल्या तारखेला संपेल अशी लावू नये. मी १९ ची मुदत देऊन लिंक ३० जूनपर्यंत चालू ठेवली होती. नाहीतर उशीर झालेल्या माणसाला सही करायची इच्छा असूनही दार बंद मिळतं, आणि पाठवणाऱ्याला सगळं नव्याने लावावं लागतं. आठवणीचे आपोआप जाणारे मेलही मी बंद ठेवते. रोज येणारी तीच ओळ कुणी वाचत नाही. त्याऐवजी मुदतीच्या आदल्या दिवशी मी स्वतः दोन वाक्यं लिहिते आणि त्यात सहीची जागा पुन्हा सांगते, म्हणजे जुना मेल शोधावा लागत नाही.

वित्तप्रमुखांची सही सोमवारी २३ ला झाली, संचालिकांची बुधवारी दुपारी. पण काम तिथे संपत नाही, कारण ‘पूर्ण प्रत २७ पर्यंत मिळेल’ असं मी लिहून दिलं होतं. प्रत पाठवण्याआधी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिली: स्क्रीनवरची १४ पानं आहेत ना, पान ९ वर तिन्ही सह्या आणि त्यांच्या तारखा आहेत ना, पान १२ वर सेवाप्रमुखांची सही आहे ना, पडताळणीत तिन्ही वैध दिसतात ना, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी v8 आहे ना. मग गुरुवारी तिघांना आणि खरेदी विभागाला एकच मेल गेला. त्यात करार पूर्ण झाल्याची तारीख २५ जून लिहिली, सेवा सुरू होण्याची १ जुलै, आणि सोबत सहीच्या नोंदींचा अहवाल जोडला. अधिकारपत्राची प्रतही कराराच्याच फोल्डरमध्ये ठेवली, कारण वर्षभराने कुणी सेवाप्रमुखांची सही पाहून ‘हे कोण?’ असं विचारणारच.

या सगळ्याने एक गोष्ट मात्र सुटत नाही. ज्याला अटीच मान्य नाहीत, त्याचा कागद कितीही नीट मेल लिहिला तरी येत नाही. फरक एवढाच पडतो की तो का येत नाही हे १७ तारखेला कळतं, ३० ला नाही. आणि तेव्हा पुढचा फोन मी करत नाही, खरेदी विभाग करतो.